काम अडलं होतं का? विशेषाधिकार समित्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
विशेषाधिकार समिती, महाराष्ट्र विधानसभा
आणि विशेषाधिकार समिती, महाराष्ट्र विधान परिषद

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात शिवाजीनगरच्या कोर्टात 26 वर्षं वकिली करते आहे. माझी कामं म्हणजे भाडेकरूंचे दावे, वाटपाची भांडणं, न वटलेले चेक. विधिमंडळाला विशेषाधिकार देणारं राज्यघटनेचं कलम 194 माझ्या टेबलावर यायचं काही कारण नव्हतं. ते आलं एका चार पानी पाक्षिकामुळे.

दांडेकर पुलाच्या बाजूला राहणारे एक गृहस्थ निवृत्तीनंतर हे पाक्षिक काढायचे. पाणी, कचरा, बसचा थांबा हलवला, अमक्या सोसायटीची निवडणूक, असा मजकूर. गेल्या पावसाळ्यात ते अंक घेऊन माझ्याकडे आले. पहिल्या पानावर व्यंगचित्र होतं: एका आमदाराचा चेहरा, तोंडाच्या जागी नळाची तोटी, आणि तोटीला कोळ्याचं जाळं. खाली लेख, की पाण्याच्या प्रश्नावर आपले आमदार अधिवेशनात एक अक्षर बोलले नाहीत. शेवटच्या पानावर एका चौकटीत अधिवेशनातल्या वादावादीतली दोन वाक्यं होती. ती दोन्ही वाक्यं नंतर कामकाजातून काढून टाकली गेली होती.

अंक निघाल्यावर तिसऱ्या दिवशी आमदारांच्या स्वीय सहायकाने या गृहस्थांच्या मोबाइलवर एका पत्राचा फोटो पाठवला. हक्कभंगाची सूचना, तयार मसुदा, तारखेची जागा कोरी. खाली एकच ओळ: "माफी छापा, नाहीतर हे पुढे जाईल." ते पुढे गेलं की नाही, मला माहीत नाही. बहुधा नाहीच. पण गृहस्थांनी पुढचा अंक काढला नाही, आणि त्याच्या पुढचाही नाही. त्यांचा मुलगा सरकारी नोकरीत आहे. "मॅडम, तुरुंगात घालतात का हो खरंच?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. मी "घालू शकतात" म्हणाले, आणि ते उत्तर बरोबर असलं तरी तेव्हापासून मला टोचतं आहे. हे पत्र त्यापायी.

सभागृहाला विशेषाधिकार नकोत, असं माझं म्हणणं अजिबात नाही. एखाद्या आमदाराला कुणी गाठून सांगितलं की उद्या तो प्रश्न विचारलास तर याद राख, किंवा समितीपुढे साक्षीला बोलावलेला कंत्राटदार कागद दाबून बसला, किंवा प्रश्न मागे घ्यायला कुणी पैसे देऊ केले, तर सभागृहाकडे दात हवेतच. दरवेळी पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद द्यायची आणि तारखा मोजायच्या, याने विधिमंडळ चालणार नाही. माझा प्रश्न त्या दातांनी चावायचं कुणाला, हा आहे. सभागृहाबाहेरच्या, सदस्य नसलेल्या माणसाला, त्याने बाहेर लिहिलेल्या किंवा बोललेल्या शब्दांसाठी शिक्षा करायची असेल, तर त्याआधी समितीने एका प्रश्नाचं लेखी उत्तर द्यावं: यामुळे सभागृहाचं कुठलं काम अडलं?

हा प्रश्न मी हवेतून काढलेला नाही. तो कुठून येतो ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

घटना 1950 मध्ये लागू झाली तेव्हा कलम 194 च्या तिसऱ्या खंडात एक तात्पुरती सोय होती. विधिमंडळ स्वतः कायदा करून आपले विशेषाधिकार ठरवेपर्यंत ते ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सइतके राहतील. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने ब्रिटनचं नाव काढलं, पण जे अधिकार आधी होते ते तसेच ठेवले. घरमालक बदलला, कुलूप तेच. आणि "कायदा करेपर्यंत" ही तात्पुरती सोय आज पंचाहत्तरी ओलांडून गेली तरी चालूच आहे. राज्यसूचीतली 39 क्रमांकाची नोंद उघडून बघा. विधिमंडळाचे अधिकार आणि विशेषाधिकार हा विषय तिथे स्पष्ट तुमच्याकडे दिलेला आहे. दिल्लीला विचारायची गरज नाही.

मग कायदा का होत नाही? याचं उत्तर पाटण्याच्या एका खटल्यात आहे, आणि ते फार कमी लोक मोठ्याने बोलतात.

30 मे 1957 रोजी बिहार विधानसभेत एक कडक भाषण झालं. अध्यक्षांनी त्यातले काही भाग कामकाजातून काढून टाकायला सांगितले. 'सर्चलाइट' या वृत्तपत्राने ते काढलेले भाग धरून भाषण छापलं. संपादक एम. एस. एम. शर्मा यांना हक्कभंगाची नोटीस आली आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. भाषणस्वातंत्र्य मोठं की विशेषाधिकार, हा सरळ सवाल होता. डिसेंबर 1958 मध्ये निकाल लागला, चार विरुद्ध एक. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांच्या बहुमताने सांगितलं की कलम 19 मधलं भाषणस्वातंत्र्य सर्वसाधारण आहे, कलम 194 विशेष आहे, म्हणून विशेषाधिकार वरचढ. न्यायमूर्ती सुब्बाराव एकटे वेगळे पडले.

पण त्याच निकालात एक बोच आहे. बहुमताने असंही सांगितलं की विधिमंडळाने उद्या कायदा करून आपले विशेषाधिकार ठरवले, तर तो कायदा इतर कायद्यांसारखाच असेल, आणि कलम 13 प्रमाणे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासला जाईल. म्हणजे लिहिलं नाही तर कसोटी नाही, लिहिलं तर कसोटी. कुणाही शहाण्या माणसाने यातून जो अर्थ काढला असता तोच सगळ्या विधिमंडळांनी काढला. आमच्याकडे वाड्यातले भाडेकरू भाडेकरार नोंदवत नाहीत ना, अगदी तसंच.

यानंतर गोरखपूरचे केशव सिंह आले. हा किस्सा जरा सविस्तर सांगते, कारण त्यात तुमच्या समितीसमोर येणारं सगळं काही आहे.

केशव सिंह आणि त्यांच्या सोबत्यांनी नरसिंह नारायण पांडे या आमदाराविरुद्ध एक पत्रक छापलं. त्यावर खाली त्यांची नावं होती. उत्तर प्रदेश विधानसभेने ठरवलं की हा हक्कभंग आहे, सगळ्यांना बोलावून समज द्यावी. बाकीचे फेब्रुवारी 1964 मध्ये लखनौला आले आणि समज ऐकून गेले. केशव सिंह आले नाहीत. रेल्वेच्या तिकिटाला पैसे नाहीत, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांना पकडून 14 मार्चला सभागृहात उभं केलं. अध्यक्षांनी नाव विचारलं, तर ते अध्यक्षांकडे पाठ करून उभे राहिले, एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. त्याआधी 11 मार्चला अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या शिक्षेला "नादिरशाही फर्मान" म्हटलं होतं. सभागृहाने सात दिवसांची कैद दिली.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. पत्रकाची शिक्षा होती फक्त समज. कैद झाली ती सभागृहात पाठ फिरवल्याबद्दल आणि त्या पत्राबद्दल. बाहेर लिहिलेल्या शब्दांना एक माप, सभागृहाच्या समोर झालेल्या वर्तनाला दुसरं माप. त्या गरम वातावरणातही सभागृहाला हा फरक कळत होता.

19 मार्चला बी. सॉलोमन या वकिलांनी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठात अर्ज केला. सुनावणी दुपारी तीनला ठरली, सरकारी वकील तीनला फिरकले नाहीत, आणि न्यायमूर्ती बेग आणि न्यायमूर्ती सहगल यांनी जामीन दिला. दोन दिवसांनी, 21 मार्चला, विधानसभेने ठराव केला: केशव सिंहांना परत ताब्यात घ्या, वकील सॉलोमन आणि ते दोन न्यायमूर्ती, यांनाही ताब्यात घेऊन सभागृहापुढे उभं करा. न्यायमूर्तींना! 23 मार्चला उच्च न्यायालयाचे 28 न्यायमूर्ती एकत्र बसले आणि त्यांनी त्या ठरावाला स्थगिती दिली. प्रकरण इतकं ताणलं की 26 मार्चला राष्ट्रपतींनी कलम 143 खाली सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं.

30 सप्टेंबर 1964 रोजी सात न्यायमूर्तींचं मत आलं. बहुमताचं मत लिहिलं सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. जन्म साताऱ्याचा, एम.ए. आपल्या डेक्कन कॉलेजचं, कायदा आपल्या विधी महाविद्यालयाचा. लॉ कॉलेज रोडवरून जाताना मला कधीकधी वाटतं की या रस्त्यावर एका प्रश्नाचं उत्तर शिकून गेलेला माणूस आम्ही पार विसरलो. असो.

विधानसभेचा त्या खटल्यातला सगळ्यात भारी मुद्दा वॉरंटचा होता. इंग्लंडची रीत अशी की कॉमन्सने कुणाला पकडायचं वॉरंट काढलं आणि त्यात नुसतं "अवमानासाठी" एवढंच लिहिलं, कारण लिहिलंच नाही, तर न्यायालय त्याच्या आत डोकावत नाही. कारण लिहिलं तर मात्र बघू शकतं. म्हणजे पुन्हा तेच: लिहिलं की तपासणी, न लिहिलं की मुभा. उत्तर प्रदेश विधानसभा म्हणाली, आम्हालाही हा अधिकार आहे. बहुमताने सांगितलं, नाही. भारतात सभागृह सार्वभौम नाही, घटना आहे. ज्या माणसाचं स्वातंत्र्य हिरावलं जातं त्याला कलम 226 आणि 32 खाली न्यायालयाचं दार ठोठावता येतं, आणि कोरं वॉरंट दाखवून ते दार बंद करता येत नाही. न्यायमूर्तींनी जामीन देऊन सभागृहाचा अवमान केलेला नाही. आणि हे सगळं मत त्यांनी मुद्दाम आखून घेतलं होतं: सदस्य नसलेला नागरिक, सभागृहाच्या चार भिंतींबाहेर केलेली कृती. तुमच्या समितीपुढे जी प्रकरणं गाजतात, ती बहुतेक याच चौकटीतली असतात.

पण गजेंद्रगडकरांनी 'सर्चलाइट' उलटवला नाही. तो निकाल कलम 19 च्या भाषणस्वातंत्र्यापुरता धरावा, जीवित आणि स्वातंत्र्याचं कलम 21 मात्र लागू आहेच, असं ते म्हणाले. आणि केशव सिंहांचं काय झालं? 1965 मध्ये त्यांचा मूळ अर्ज अलाहाबाद उच्च न्यायालयाने फेटाळला. तत्त्व जिंकलं, केशव सिंह हरले. वकिलीत हे असं पुष्कळदा होतं.

म्हणून आजची कायद्याची स्थिती अर्धीमुर्धी आहे, आणि मी माझ्या त्या पाक्षिकवाल्यांना "काही होत नाही" असं छातीठोकपणे सांगू शकले नाही. 'सर्चलाइट' कागदावर जिवंत आहे. पण त्यानंतर तीन निकालांनी दुसऱ्या बाजूने जमीन बदलली. 2007 मध्ये राजाराम पाल खटल्यात न्यायालयाने सांगितलं की विशेषाधिकाराच्या नावाने झालेली कारवाई मूलभूत हक्कांच्या उल्लंघनासाठी तपासता येते; सभागृहाच्या कामकाजात न्यायालयाने शिरू नये म्हणणाऱ्या कलम 212 चं कवच घोर बेकायदेशीरपणाला नाही. 2010 मध्ये अमरिंदर सिंग खटल्यात पंजाब विधानसभेने केलेली हकालपट्टी रद्द झाली, कारण आरोप होता आधीच्या विधानसभेच्या काळातल्या जमिनीच्या एका सरकारी निर्णयाचा, आणि त्याने चालू सभागृहाच्या कामात काही अडथळा आलेला नव्हता. मग 4 मार्च 2024 ला सीता सोरेन खटल्यात सात न्यायमूर्तींनी दोन बोटांवर मोजता येईल अशी कसोटी दिली: जो विशेषाधिकार सांगता तो सभागृहाच्या सामूहिक कामाशी बांधलेला हवा, आणि ते काम चालायला तो आवश्यक हवा. हे तिन्ही खटले सदस्यांचे होते, हे खरं. पण सदस्याला लावायची कसोटी बाहेरच्या नागरिकाला लावू नये, असं म्हणायला तर्काने जागा उरत नाही.

आता ही कसोटी त्या पाक्षिकाला लावून बघू. तीन आरोप, तिन्हींची तीन उत्तरं येतात.

व्यंगचित्र आधी घेते, ते सोपं आहे. नळाच्या तोटीला जाळं काढल्याने त्या आमदारांना दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारता आला नाही का? त्यांचं मत बदललं का? कुणी घाबरलं का? नाही. त्यांना राग आला. राग येणं हा हक्क असेल, पण तो विशेषाधिकार नाही. तामिळनाडू विधानसभेने 1987 मध्ये 'आनंद विकटन'चे संपादक एस. बालसुब्रमणियन यांना असाच राग येऊन तीन महिन्यांची सक्तमजुरी दिली होती. मुखपृष्ठावरच्या विनोदात दोघांपैकी खिसेकापूसारखा दिसतो तो आमदार आणि मुखवटेवाल्या दरोडेखोरासारखा दिसतो तो मंत्री, असं होतं. एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच त्यांना सोडावं लागलं, आणि पुढे मद्रास उच्च न्यायालयाने नाममात्र का होईना, 1000 रुपये भरपाई दिली. त्या विनोदाने विधानसभेची जेवढी अब्रू गेली असती, त्याच्या कितीतरी पट शिक्षेने गेली.

लेख जरा अवघड आहे, कारण तो चुकीचा होता. मी आमदारांची प्रश्नांची यादी काढून बघितली तेव्हा दिसलं की त्यांनी पाण्यावर एक अतारांकित प्रश्न दिला होता, त्याचं लेखी उत्तरही आलं होतं. सभागृहात उभं राहून बोलले नव्हते, एवढंच. म्हणजे "एक अक्षर बोलले नाहीत" हे शब्दशः खरं आणि अर्थाने खोटं. माझ्या अशिलाने ते तपासायला हवं होतं, मी त्यांना रागावलेही. पण चुकीच्या लेखाला उपाय आहे: दुरुस्ती छापायला सांगा. ती छापत नाहीत, बदनामी झाली आहे असं वाटतं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 356 आहे, दिवाणी दावा आहे. तिथे त्या आमदारांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात यावं लागेल, माझ्यासारखी कुणीतरी उलटतपासणी घेईल, आणि निकाल देणारा माणूस त्यांचा सहकारी नसेल. हक्कभंगाची ओढ नेमकी इथे आहे. तक्रारदार, साक्षीदार, न्यायाधीश सगळे एकाच छताखाली, बहुधा एकाच कँटीनमध्ये.

उरली कामकाजातून काढलेली वाक्यं. इथे प्रामाणिकपणे सांगते, 'सर्चलाइट' माझ्या विरुद्ध जातो. पण 1957 आणि आज यात फरक आहे. तेव्हा भाषण छापल्याशिवाय बाहेर जात नव्हतं. आज अधिवेशनाचं थेट प्रक्षेपण होतं. शब्द काढून टाकायचा हुकूम होईपर्यंत त्याच्या चित्रफिती सगळ्या गावाने बघितलेल्या असतात. जो शब्द सभागृहाच्याच कॅमेऱ्यातून घराघरांत गेला, तो एका चौकटीत छापणाऱ्या माणसानेच काय अडवलं? यावर समितीने फार तर एवढंच करावं: काढून टाकलेल्या मजकुराची यादी त्याच दिवशी प्रसिद्ध करा, आणि ती पाहूनही कुणी मुद्दाम छापलं तर बघा. ज्याला काय काढलं हे माहीतच नाही, त्याला हक्कभंग कसा लागेल?

या ठिकाणी कुणी म्हणेल की घटनेत कलम 361-क आहे, वृत्तपत्रांना संरक्षण आहे. आहे, पण ते नीट वाचा. सभागृहाच्या कामकाजाचा बव्हंशी खरा वृत्तांत द्वेषबुद्धीशिवाय छापला तर "न्यायालयात" दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होणार नाही, असं ते म्हणतं. सभागृहाच्या कारवाईबद्दल ते कलम गप्प आहे. मी हे त्या गृहस्थांना सांगितलं तेव्हा ते हसले. "म्हणजे कोर्टापासून वाचवलं, पण यांच्यापासून नाही." त्यांना कायदा चांगला कळला होता.

आता थोडं घरचं. मार्च 2008 मध्ये आपल्याच विधानसभेने राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना दोन दिवस कैदेत पाठवलं. सप्टेंबर 2020 मध्ये अर्णब गोस्वामी यांच्यावर हक्कभंग आला. ते सर्वोच्च न्यायालयात गेले, तर सभागृहाची नोटीस गोपनीय असताना ती न्यायालयात का दाखल केलीत, असं पत्र त्यांना विधिमंडळाकडून गेलं. 6 नोव्हेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने ते पत्र लिहिणाऱ्या अधिकाऱ्यालाच अवमानाची कारणे दाखवा नोटीस काढली आणि गोस्वामींच्या अटकेला मनाई केली. मला त्यांचा कार्यक्रम पाच मिनिटंही बघवत नाही. पण नागरिकाला न्यायालयात गेल्याबद्दल धमकावायचं, हे केशव सिंहांच्या वकिलाला ताब्यात घ्यायला निघण्यासारखंच झालं, 56 वर्षांनी. मग 2025 मध्ये विनोदी कलाकार कुणाल कामरा यांच्या एका गाण्यावरून विधान परिषदेत हक्कभंगाची सूचना आली आणि ती समितीकडे गेली. तिन्ही वेळी सत्तेत वेगवेगळी माणसं होती. त्यामुळे हा कुठल्या पक्षाचा रोग आहे असं मी म्हणत नाही.

याच्या उलट उदाहरण घ्या. 13 डिसेंबर 2023 ला लोकसभेत प्रेक्षक गॅलरीतून दोघांनी खाली उड्या मारल्या, पिवळा धूर सोडला. सभागृहाचं काम अडणं म्हणजे काय, हे याहून स्पष्ट दाखवता येणार नाही. तिथे काय झालं? पोलिसांनी गुन्हा नोंदवला, आरोपपत्र झालं, वकील मिळाले, न्यायालयात प्रकरण चाललं. ज्याने खरोखर काम अडवलं त्याला न्यायालयाची सगळी संरक्षणं, आणि ज्याने गाणं म्हटलं किंवा चित्र काढलं त्याला समिती. हे उफराटं नाही का?

ज्या ब्रिटनच्या नावाने हे सगळं सुरू झालं, तिथे कॉमन्सने दंड शेवटचा केला 1666 मध्ये. बाहेरच्या माणसाला बोलावून समज देण्याचा शेवटचा प्रसंग 1957 चा, एका वृत्तपत्राच्या संपादकाचा. आणि 1978 मध्ये त्यांनी स्वतःच ठराव केला की शिक्षेचा अधिकार शक्य तितका कमी वापरायचा. सभागृहाच्या, सदस्यांच्या कामात खरोखर मोठा अडथळा येत असेल किंवा येण्याचा संभव असेल, आणि त्यापासून बचावाला दुसरा मार्ग नसेल, तेव्हाच. ऑस्ट्रेलियाने 1955 मध्ये दोन वृत्तपत्रवाल्यांना तीन महिने तुरुंगात घातलं, त्याची लाज वाटून की काय, 1987 मध्ये चक्क कायदा केला. सभागृहाच्या कामात अनुचित हस्तक्षेप झाला, किंवा तसा हेतू वा संभव होता, तरच अवमान. नुसत्या बदनामीकारक किंवा टीकेच्या शब्दांना अवमान म्हणायचं नाही. कैद जास्तीत जास्त सहा महिने. आणि वॉरंटमध्ये नेमकं काय केलं ते लिहायचं, म्हणजे न्यायालयाला बघता येईल. गजेंद्रगडकरांनी ज्या कोऱ्या वॉरंटवर बोट ठेवलं होतं, तेच त्यांनी कायद्याने बंद केलं.

मला तुमच्याकडून एवढा मोठा कायदा लगेच हवा आहे असं नाही, झाला तर आनंदच. तोवर समितीच्या पातळीवर जमण्यासारखं पुष्कळ आहे. बाहेरच्या माणसाविरुद्ध सूचना आली की पहिल्याच बैठकीत "काम कुठलं अडलं" हे सूचना देणाऱ्या सदस्याकडून लेखी घ्या. उत्तरात फक्त "प्रतिमा मलीन झाली" असेल तर तिथेच निकाली काढा. ज्या सदस्याची तक्रार आहे, तो त्या प्रकरणापुरता समितीत बसणार नाही असं ठरवा. नोटीस मिळालेल्या माणसाला वकील आणू द्या, आणि न्यायालयात जायचा त्याचा हक्क आहे हे नोटिशीतच लिहा. शिक्षेची शिफारस कराल तेव्हा ती अधिवेशनापलीकडे जाणार नाही हे पाहा. 12 आमदारांचं एक वर्षाचं निलंबन 28 जानेवारी 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि कोरी तारीख घालून मोबाइलवर फिरणारे ते मसुदे. सूचना प्रत्यक्ष दाखल न करता तिची धमकी देऊन माफी किंवा मौन वसूल करणं, हा खुद्द त्या सदस्याने केलेला विशेषाधिकाराचा गैरवापर आहे, असं समितीने एकदा ठरावात म्हटलं तरी पुष्कळ होईल. अशा धमकीविरुद्ध माझ्या अशिलाला आज कुठेही दाद मागता येत नाही, कारण कागदावर काही घडलेलंच नाही.

त्यांच्या पाक्षिकाचा न निघालेला अंक माझ्याकडे पडून आहे. जुळणी झालेली, प्रूफं तपासलेली. पहिल्या पानावर त्यांनी दुरुस्ती लिहिली आहे: आमदारांनी अतारांकित प्रश्न दिला होता, आम्ही चुकलो. समितीला बघायचा असेल तर प्रत पाठवते.

कळावे,
एक वकील,
शिवाजीनगर न्यायालय, पुणे